देशमुख कधी वारले? विचारा वसुलाच्या कागदांना

रोहिडखोऱ्यातल्या कारीच्या जेध्यांसारख्या देशमुख घराण्यात जन्म-मृत्यूची वही कुणी ठेवली नव्हती. मात्र देशमुखी वतनाचा हक्क दरसाल वसुलातून मिळे आणि त्याचा हिशेब मोडीत लिहिला जाई. माणसांचा माग लागतो तो याच हिशेबात.

सर्वांत बोलकी असते नजरेची नोंद. वतनदार वारला की वारसाने सरकारात नजर भरायची आणि वतन आपल्या नावे करून घ्यायचे. त्यामुळे एकाच नोंदीत बाप वारल्याची वार्ता, मुलाचे नाव आणि साल मिळते. मुलगा नसला तर विधवेचे किंवा दत्तकाचे नाव येते. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. नात्याचा धागा या इवल्या शब्दांत असतो.

आता साल. समजा, नजरेच्या नोंदीवर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे आहे. हे अरबी आकडे एकं स्थानापासून वाचायचे: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन 1161. हे साल मृगापासून सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदीला 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या नोंदीला 600. पानिपतची लढाई याच सालातली, जानेवारी 1761 मधली. तिथीपुढे ‘छ’ आणि मुसलमानी महिना असतो. तो जंत्रीत पाहिला की इंग्रजी तारीख पक्की होते. फसगत होते ती ‘सीत’ आणि ‘सितैन’मध्ये. पहिला सहा, दुसरा साठ. मोडीत शब्द सलग लिहिलेले असल्याने घाईत एक अक्षर सुटले की घराण्याची एक-दोन पिढ्यांची चूक होते.

पण नजर भरली ते साल मृत्यूचे असेलच असे नाही. वारसाहक्काचा तंटा असेल तर नजर वर्षानुवर्षे रखडे. म्हणून मागचे हिशेब चाळावे लागतात. हक्क घेणारा म्हणून वडिलांचे नाव शेवटचे कधी दिसते, ते पाहायचे. तिथेही सावध राहिलेले बरे, कारण कारकून कधी कधी जुनेच नाव पुढे चालवी. पावती मुलाच्या हातची असेल, तर वडील हयात असल्याचा पुरावा म्हणून त्या नावावर विसंबता येत नाही.

जेध्यांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. कान्होजींचा मुलगा बाजी याला ‘सर्जेराव’ हा किताब होता आणि पुढच्या पिढ्यांनीही तो चालवला. नुसते ‘सर्जेराव जेधे’ लिहिलेले असले, तर तो कुठला सर्जेराव हे कळत नाही. अशा वेळी बापाचे नाव सांगणारा ‘बिन’ शोधायचा. तो नसेल तर कागदाचे साल पाहून त्या वेळी कोण हयात होते ते ताडायचे.

1852 च्या अकराव्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे घराण्यांनी वंशावळी मांडल्या. त्या सोयीच्या खऱ्या, पण दावेदाराने स्वतःच्या हक्कासाठी लिहिलेल्या. हक्काच्या आड येणारी शाखा त्यात गळू शकते; मुलींची नावे तर बहुधा नसतातच. तीच गळालेली शाखा कधी जुन्या हिशेबात हक्काचा वाटा घेताना सापडते.