मोजायचं किती वेळा, की किती वेळ? : आरमोरीच्या राईस मिलमधलं कॉस्टिंग

गेल्या वेळी आपण ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग म्हणजे काय ते बघितलं होतं. खर्च थेट मालावर टाकायचा नाही. आधी तो कामांवर टाकायचा आणि मग ज्या मालाने जेवढं काम खाल्लं, तेवढा त्याच्या माथी मारायचा. तेव्हा एक प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवला होता: मालाने काम किती खाल्लं, हे मोजायचं कशाने? आजचा भाग तेवढ्यावरच आहे. ज्यांना इयरफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

मोजायच्या पट्टीला ड्रायव्हर म्हणतात. काम किती वेळा झालं हे मोजलं तर तो ट्रान्झॅक्शन ड्रायव्हर. ते काम किती वेळ चाललं हे मोजलं तर ड्युरेशन ड्रायव्हर. रॉबर्ट कॅप्लान आणि रॉबिन कूपर यांनी १९९८ च्या ‘कॉस्ट अँड इफेक्ट’ या पुस्तकात ही विभागणी मांडली आहे. पहिला सोपा आणि स्वस्त: वहीत रेघ मारली की झालं. दुसऱ्याला घड्याळ लागतं. म्हणून बहुतेक लोक पहिलाच उचलतात, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. कधी नसतं, ते बघायला आपण आरमोरीला जाऊ.

आरमोरी म्हणजे वैनगंगेच्या काठचा धानपट्टा. धान आलं की राईस मिल आली आणि मिल आली की भरडाई आली. शेतकरी आपलं धान घेऊन येतो, मिल ते भरडून तांदूळ देते आणि क्विंटलमागे दर घेते. समजा अशी एक मिल आहे. तिचे आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल घेतले आहेत, कुण्या खऱ्या मिलचे नाहीत. ही मिल दोन प्रकारचं धान भरडते: जाड आणि बारीक. बारीक म्हणजे आपण एचएमटी धरू. (हे वाण आपल्याच भागातलं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी ते शोधलं, आणि नाव पडलं एचएमटी घड्याळावरून. आजचा विषय घड्याळाचाच आहे, त्यामुळे दुसरं वाण मला सुचलंच नाही.)

आता एकाचा माल संपला आणि दुसऱ्याचा लावायचा, तर मधे काय करावं लागतं? जाडानंतर जाडच असेल तर फार काही नाही. एलेव्हेटर आणि डबे रिकामे होऊ द्यायचे, खाली सांडलेलं झाडायचं, पोती बदलायची. पंधरा मिनिटांत मिस्त्री पुढचा माल सोडतो.

जाडानंतर बारीक लावायचं असेल तर गोष्ट वेगळी. चाळण्या बदला. शेलरच्या दोन रबर रोलांमधली फट कमी करा, नाहीतर बारीक दाण्याचं तूस निघतच नाही. पॉलिशरचा दाब उतरवा, नाहीतर नाजूक दाणा मोडून कनकी होते. ग्रेडर आणि सॉर्टेक्सची सेटिंग बदला. आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे एलेव्हेटरच्या तळाशी आणि कोपऱ्यांत अडकलेला जाड दाणा हाताने काढा. कारण बारीक तांदळात जाड दाणा लगेच दिसतो आणि व्यापारी भाव पाडतो. या सगळ्याला दीड तास धरा.

उलट, बारीकनंतर जाड लावताना सेटिंग परत फिरवावी लागते, पण जाडात चार बारीक दाणे गेले तर कुणी तक्रार करत नाही. तिथे अर्ध्या तासात भागतं. म्हणजे वेळ नुसत्या मालावर नाही, आधी कोणता माल होता यावरही ठरतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

महिन्यात एकूण ६० वेळा माल बदलला. जाडावर जाड ४० वेळा, जाडावर बारीक १० वेळा, बारीकवर जाड १० वेळा. या कामाचा महिन्याचा खर्च, म्हणजे त्या वेळेपुरती मिस्त्री-मदतनिसांची मजुरी, रिकाम्या फिरणाऱ्या मशिनची वीज आणि थांबलेल्या मिलचा वाटा धरून, ₹३६,०००.

ट्रान्झॅक्शन ड्रायव्हरचा हिशेब एका ओळीचा आहे. ३६,००० भागिले ६०, म्हणजे दर बदलाला ₹६००. जाडाचा माल साधारण २० क्विंटलचा येतो, म्हणून क्विंटलला ₹३०. बारीकचा १० क्विंटलचा, म्हणून क्विंटलला ₹६०. बघा, बारीकवर दुप्पट खर्च पडला! मालकाला वाटतं, आपण न्याय केला.

आता घड्याळ लावू. ४० गुणिले १५ म्हणजे ६०० मिनिटं, १० गुणिले ९० म्हणजे ९००, १० गुणिले ३० म्हणजे ३००. एकूण १,८०० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ₹२०. जाडावर जाड बदलायला ₹३०० पडतात, बारीक लावायला ₹१,८००.

इथे एक बारीक मुद्दा आहे. बारीकच्या मागून जो जाडवाला शेतकरी येतो, त्याच्या नावावर ३० मिनिटं टाकायची का? त्याचं धान तर इतरांसारखंच आहे. नंबर बारीकच्या मागे लागला, हा काही त्याचा दोष नाही. माझ्या मते ती जादाची १५ मिनिटं बारीकच्याच खात्यात गेली पाहिजेत, कारण ती बारीकमुळे लागली. म्हणजे बारीकच्या एका मालाला १०५ मिनिटं, ₹२,१००, क्विंटलला ₹२१०. आणि जाडाला क्विंटलला ₹१५.

आता समजा भरडाईचा दर जाडाला ₹११० आहे आणि बाकीचा खर्च ₹८०. बारीकचा दर ₹१८०, बाकीचा खर्च ₹९०. रेघा मोजणाऱ्या वहीत जाडावर नफा शून्य दिसतो आणि बारीकवर ₹३०. मालक काय करेल? जाडवाल्यांना टाळेल, बारीकवाल्यांना फोन करून बोलावेल. घड्याळाचा हिशेब सांगतो की जाडावर ₹१५ सुटतात आणि बारीकवर ₹१२० जातात. तो जितकं बारीक आणेल तितका खोल जाईल. आणि आजवर जाडवाल्या शेतकऱ्यांच्या नावावर महिन्याला ₹१५,००० जास्त लागत होते, तेही कुणाच्या लक्षात आलं नसतं. कारण दोन्ही पद्धतींत बेरीज ₹३६,००० च येते. खातेवही कधीच बोंब मारत नाही. चूक वाटपात असते, बेरजेत नाही.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात किचकट काम सगळ्यात फायद्याचं दिसत असेल तर थांबा. शेजारची मिल ते काम हसत हसत तुमच्याकडे पाठवत असेल तर नक्कीच थांबा. आणि मिस्त्री कोणत्या दिवशी कुरकुरतो ते बघा, त्याला हा हिशेब वही न उघडता माहीत असतो.

मात्र वेळा वेगळ्या आहेत म्हणून सोपा ड्रायव्हर लगेच चुकतो असं नाही. कधी बारा मिनिटं, कधी अठरा, आणि ती कमीजास्त कोणाच्याही मालाला लागत असतील, तर महिनाभरात ते फिटून जातं. तिथे रेघ मारणं पुरे. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा जास्त वेळ दरवेळी एकाच प्रकारच्या मालाला लागतो. हे तपासायला मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. प्रत्येक प्रकारचे आठ-दहा बदल मोजा आणि सरासऱ्या शेजारी ठेवून बघा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. समजा मिलने ठरवलं की बारीक धान महिन्यात दोनच दिवस घ्यायचं, प्रत्येक दिवशी पाच शेतकऱ्यांचं. आता जाडावर बारीक फक्त २ वेळा लावावं लागेल. बारीकवर बारीक ८ वेळा, वाण एकच असल्याने तिथे १५ मिनिटंच. बारीकवर जाड २ वेळा, जाडावर जाड ४८ वेळा. मोजा: बदल पुन्हा ६० च. रेघांच्या वहीत काहीच सुधारलं नाही! पण मिनिटं १,८०० वरून १,०८० वर आली. मिलचे बारा तास मोकळे झाले. त्याच ₹२० च्या दराने बारीकच्या मालाला आता सरासरी ३३ मिनिटं, ₹६६०, म्हणजे क्विंटलला ₹६६ पडतात. ज्या बारीकवर ₹१२० जात होते, त्यावर दर न वाढवता ₹२४ सुटू लागले. छोट्या एचएमटीवाल्या शेतकऱ्याला परत पाठवायची गरज उरली नाही, त्याला फक्त तारीख द्यायची.

पण ते बारा तास म्हणजे गल्ल्यात ₹१४,४०० आले असं समजू नका. मिस्त्रीचा पगार महिन्याचा आहे, तो तेवढाच जाणार. हंगामात धानाची रांग लागलेली असेल तर त्या तासांत जास्त भरडाई होईल आणि पैसे दिसतील. हंगामाबाहेर ते तास नुसतेच मोकळे राहतील. म्हणूनच कॅप्लान आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये टाइम-ड्रिव्हन पद्धत मांडताना सांगितलं की खर्चाला वापरलेल्या मिनिटांनी भागू नका, हाताशी असलेल्या मिनिटांनी भागा. तसं केलं की रिकाम्या वेळेचा खर्च वेगळा दिसतो, शेतकऱ्याच्या पोत्यावर चढत नाही.

रोज घड्याळ लावणं झेपत नसेल तर मधली वाट आहे. रेघच मारा, पण तिला वजन द्या. जाडावर जाड म्हणजे एक रेघ, बारीकवर जाड दोन, जाडावर बारीक सहा. आपल्या पहिल्या महिन्यात ४० अधिक २० अधिक ६०, म्हणजे १२० रेघा, रेघेला ₹३००. उत्तर तेच, मिनिटांची वही नाही.

घड्याळालाही मर्यादा आहेत. सॉर्टेक्स बिघडला आणि बाहेरून कारागीर बोलवावा लागला, तर त्याच्या एका तासाला मिनिटाचे ₹२० लावून चालत नाही. तो खर्च जसाच्या तसा त्या कामावर टाकायचा. याला इंटेन्सिटी ड्रायव्हर म्हणतात, तो पुन्हा कधीतरी. आणि नवा मिस्त्री दीड तासाच्या कामाला दोन तास लावत असेल तर ती जादा तीस मिनिटं त्या दिवशीच्या शेतकऱ्यावर टाकू नका. हिशेबात ठरलेली ९० मिनिटंच धरा आणि जास्तीची वेगळी लिहा. चाळण्या किंवा मशीन बदललं की मात्र ती ९० सुद्धा पुन्हा मोजावी लागतात.