सात तासांचं मैदान आणि अर्ध्या तासाच्या फायली

जत्रेतलं कुस्तीचं मैदान दुपारी तीनला सुरू झालं, तर रात्री दहापर्यंत सहज चालतं. आधी लहान पोरांच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या जोडी आणि शेवटी दिव्यांच्या उजेडात एक नंबरची कुस्ती. आता बहुतेक मोठी मैदानं यूट्यूबवर थेट दाखवली जातात. प्रक्षेपण करणारी पोरं लॅपटॉपवर ‘ओबीएस स्टुडिओ’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवतात आणि त्याच वेळी मैदानाचं रेकॉर्डिंगही करून ठेवतात. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात: आमच्या पोराची कुस्ती तेवढी काढून द्या.

अशा वेळी सात तासांची एकच अखंड फाइल फार त्रास देते. हिशेब करून पाहू. फुल एचडी चित्र सेकंदाला ६००० किलोबिट या दराने साठवलं आणि आवाजाचे १६० किलोबिट त्यात धरले, तर मिनिटाला सुमारे ४६ एमबी आणि तासाला पावणेतीन जीबी होतात. म्हणजे सात तासांचे १९ जीबीहून जास्त. ही फाइल कुणाला पेनड्राइव्हवर द्यायला गेलं की अनेकदा कॉपीच होत नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा असला आणि पूर्ण रिकामा असला, तरीही. कारण ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. आपल्या दराने ही मर्यादा दीड तासाच्या रेकॉर्डिंगनंतरच ओलांडली जाते.

त्याहून मोठा धोका विजेचा. जनरेटर बंद पडतो, लॅपटॉपची बॅटरी दगा देते, गर्दीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकतो. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना, सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आधीच मशीन बंद पडलं, तर चित्र डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही आणि दुपारपासूनच्या सगळ्या कुस्त्या अडकून पडतात. एमकेव्ही प्रकारच्या फाइलचं तसं नाही. ती मध्येच तुटली तरी तिथपर्यंतचा भाग साधारणपणे चालतो. म्हणून मैदानाचं रेकॉर्डिंग एमकेव्हीतच करावं आणि तेही तुकड्यांत. पूर्ण झालेला प्रत्येक तुकडा बंद होऊन सुरक्षित राहतो, धोका उरतो तो फक्त चालू तुकड्याला.

ओबीएसमध्ये ही सोय २०२२ मध्ये, २८व्या आवृत्तीत आली. पुष्कळांना ती सापडत नाही, कारण साध्या मांडणीत ती दिसतच नाही. `Settings` मध्ये `Output` उघडून वरचा `Output Mode` आधी `Advanced` करावा लागतो. मग `Recording` या भागात `Automatic File Splitting` वर खूण करायची. पुढे निवड येते: वेळेनुसार, आकारानुसार किंवा फक्त हाताने. हे सगळं रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी ठरवायचं असतं.

माझ्या मते मैदानासाठी वेळेनुसार, तीस मिनिटांचा तुकडा उत्तम. आपल्या दराने तो सुमारे १.४ जीबीचा होतो, म्हणजे कुठल्याही पेनड्राइव्हवर बसतो. सात तासांच्या चौदा फायली होतात. ओबीएस फाइलला नेहमीच्या सेटिंगनुसार तारीख आणि ती सुरू झाल्याची वेळ हेच नाव देतं. `18-30-02` अशी अक्षरं असलेली फाइल संध्याकाळी साडेसहाची. निवेदक जोड पुकारतो तेव्हा टेबलावरच्या कुणीतरी वहीत घड्याळातली वेळ आणि पैलवानांची नावं टिपली, की दुसऱ्या दिवशी कुस्ती शोधायला मिनिटही लागत नाही. पावणेसातची कुस्ती याच फाइलमध्ये, पंधराव्या मिनिटाच्या आसपास. लॅपटॉपचं आणि वहीवाल्याचं घड्याळ तेवढं आधी जुळवून घ्यावं.

आकारानुसार तुकडे केले तर हा फायदा कमी होतो. चित्राचा दर स्थिर असेल, तर फारसा फरक पडत नाही. पण अनेक जण दर्जा स्थिर आणि दर कमी-जास्त होणारा ठेवतात. मग उडणारी माती, हलणारी गर्दी यांना जास्त जागा लागते आणि रिकामा आखाडा दिसत असताना कमी. त्यामुळे एक तुकडा चाळीस मिनिटांचा, तर दुसरा तासाभराचा होऊ शकतो. फाइल ठरावीक आकाराच्या आत राहायलाच हवी असेल, तर मात्र ही पद्धत हवी. तेव्हा ४ जीबीच्या मर्यादेसाठी ४०९६ हा आकडा न घालता ३५०० एमबी घालावा, कारण तुकडा बरोबर सांगितल्या आकड्यावर तुटत नाही.

याचं कारण व्हिडिओच्या रचनेत आहे. प्रत्येक चित्र पूर्ण साठवलं जात नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र येतं, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांसाठी मुख्यतः बदललेला भागच साठवतात. नवी फाइल की-फ्रेमपासूनच सुरू होऊ शकते, म्हणून तीस मिनिटं झाली तरी सॉफ्टवेअर पुढच्या की-फ्रेमची वाट पाहतं. एक्स२६४ एन्कोडरमध्ये `Keyframe Interval` शून्यावर, म्हणजे स्वयंचलित ठेवला, तर दोन की-फ्रेममध्ये २५० चित्रांपर्यंत अंतर पडू शकतं. सेकंदाला तीस चित्रं धरली तर आठ सेकंदांहून थोडं जास्त. तो दोन सेकंद करावा. थेट प्रक्षेपणासाठीही तेच अंतर योग्य असतं.

आता खरी अडचण. मातीतली निकाली कुस्ती घड्याळ पाहत नाही. एखादी अर्ध्या मिनिटात चीतपट होते, तर एखादी वीस मिनिटं चालते. त्यामुळे तिसावं मिनिट नेमकं डाव रंगला असतानाच येणार. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, `Settings` मधल्या `Hotkeys` मध्ये फाइल तोडण्यासाठी एक कळ ठरवून ठेवावी. मोठी जोड आखाड्यात उतरून सलामी देऊ लागली की ती दाबायची. इथेही की-फ्रेमची वाट पाहिली जाते, म्हणून हस्तांदोलनाच्या थोडं आधीच दाबलेली बरी. पुढची तीस मिनिटं या नव्या तुकड्यापासून मोजली जातात, त्यामुळे एक नंबरची कुस्ती बहुधा एकाच फाइलमध्ये येते.

तरीही एखादी कुस्ती दोन फायलींत विभागली गेलीच, तर दुसरा उपाय जोडण्याचा. व्हिडिओ संपादकात घालून पुन्हा नवा व्हिडिओ बनवण्याची गरज नाही. त्यात वेळ जातो आणि चित्राचा दर्जाही घसरतो. एफएफएमपेग हे मोफत साधन तुकडे आहेत तसे एकमेकांना जोडतं. दोन्ही तुकड्यांना `a.mkv` आणि `b.mkv` अशी सोपी नावं देऊन त्याच फोल्डरमध्ये `list.txt` ही फाइल करावी:

```
file 'a.mkv'
file 'b.mkv'
```

आणि मग ही आज्ञा द्यावी:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -c copy kusti.mkv
```

`-c copy` मुळे चित्र पुन्हा तयार होत नाही, नुसतं नव्या फाइलमध्ये उतरवलं जातं. म्हणून काम लवकर उरकतं. मात्र दोन्ही तुकडे एकाच सेटिंगवर रेकॉर्ड झालेले हवेत.

जत्रेच्या आदल्या दिवशी घरी एक चाचणी घ्यावी. तुकड्याची वेळ एक मिनिट ठेवून तीन-चार मिनिटं रेकॉर्ड करायचं आणि पूर्ण वेळ कॅमेऱ्यासमोर सेकंदाला एक टाळी वाजवत राहायचं. मग दोन तुकडे जोडून सांध्याजवळ पाहायचं. तिथे टाळी गायब झाली, दोनदा आली किंवा हात जुळल्यानंतर आवाज उशिरा आला, तर ते लगेच कळतं. चाचणी झाल्यावर वेळ पुन्हा तीस मिनिटांवर आणायला विसरू नये.

जागेचा हिशेबही त्याच दिवशी करावा. गाडीतला डॅशकॅम जुने तुकडे पुसून नव्यांसाठी जागा करतो, ओबीएस तसं करत नाही. चौदा तुकडे मिळून १९ जीबीच लागतात, आणि तुकडे जोडताना तेवढीच जागा पुन्हा लागते. मैदान लांबलं तर आणखी हवी. डिस्कवर निदान ५० जीबी रिकामे असतील, तर रात्री साडेदहाला पंचांनी कुस्ती थांबवेपर्यंत जागेची काळजी करावी लागत नाही.