गच्चीवरची टाकी रात्री का उतरते?

हिंगोली शहराला पाणी येते ते पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणातून. नगरपालिकेच्या नळाला पाणी सुटते ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तासांपुरते. सोसायटीतल्या घरांत मात्र तोटी कधीही उघडा, पाणी येतेच, कारण मधे गच्चीवरची टाकी असते. याच सोयीमुळे आपली गळतीही चोवीस तास चालू राहते. बाहेरची पाइपलाइन कोरडी असली, घरातली माणसे झोपलेली असली, तरी टाकीतल्या पाण्याचा दाब प्रत्येक वॉशरवर आणि प्रत्येक फ्लश टँकवर सतत असतो.

सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय निघाला की बोलणे टँकरच्या खर्चावर जाते, फार तर ठिबकणाऱ्या तोटीवर येते. बोलायला पाच मिनिटे मिळाली, तर मी त्यातली चार फ्लश टँकला देईन.

तोटीची गळती निदान दिसते. तिचा हिशेबही सोपा आहे. तोटीच्या कडेला थेंब लोंबतो तो पृष्ठताणामुळे. वजन पेलवेनासे झाले की तो सुटतो. म्हणून थेंबाचा आकार तोटीच्या तोंडाच्या रुंदीवर ठरतो. साधारण दहा थेंबांना एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे साडेआठ लिटरच्या वर पाणी जाते. तोटीखाली दहा मिनिटे वाटी ठेवून मोजले, तर आपल्या तोटीचा खरा आकडा कळेल. जुन्या आट्याच्या तोटीत दोष बहुधा रबरी वॉशरचा असतो. तोटी जोर लावून आवळली की तोच वॉशर आणखी चिरतो. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या तोटीत चिनीमातीच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. टँकरच्या पाण्यातली बारीक रेती त्यांच्यामध्ये घुसली की चरे पडतात आणि स्पिंडल बदलावे लागते.

फ्लश टँकची गळती मात्र मुकी असते. टाकीच्या तळाशी, पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या तोंडावर एक रबरी झडप बसलेली असते. ती नीट बसली नाही की कमोडच्या चकचकीत उतारावरून पाण्याचा पातळ पापुद्रा घसरत राहतो आणि पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. टाकी तर नेहमी भरलेलीच दिसते, कारण जेवढे खालून जाते तेवढे फ्लोट वरून भरून काढतो. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत हे लवकर घडते. खडकातून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांचा खरखरीत थर झडपेच्या बैठकीवर चढतो आणि कडक झालेले रबर तिथे नीट टेकत नाही.

ही गळती पकडायला खाण्याचा रंग पुरतो. टाकीत गडद रंगाचे काही थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमधल्या पाण्यात रंग उतरला, तर टाकीतले पाणी खाली जात आहे. नंतर लगेच फ्लश करा, म्हणजे डाग राहणार नाही. पाणी नेमके कुठून जाते, हे दुसऱ्या परीक्षेत कळते. टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारा, अँगल कॉक बंद करा आणि पुन्हा अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर दोष तळाच्या झडपेत आहे. पातळी तशीच राहिली, पण कॉक उघडताच पाणी वर चढून मधल्या ओव्हरफ्लो नळीत सांडू लागले, तर दोष वरच्या फ्लोट व्हॉल्व्हमध्ये आहे. भिंतीत बसवलेल्या टाकीत रेघ मारणे अवघड जाते. तिथे रंगाची परीक्षा करा आणि मधल्या वेळात कान द्या.

आता हिशेब करू. टाकी आतून ४० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद आहे, आणि अर्ध्या तासात पातळी एक सेंटिमीटर उतरली, असे समजा. तेवढ्यात ६०० मिलिलिटर पाणी गेले. तासाला १.२ लिटर, दिवसाला जवळपास २९ लिटर. सेकंदाला एक थेंब टाकणाऱ्या तोटीपेक्षा हे तिपटीहून जास्त आहे, आणि तक्रार होते ती तोटीचीच. फ्लोट व्हॉल्व्ह बिघडला तर आकडा आणखी फुगतो. ओव्हरफ्लोमधून मिनिटाला पाव लिटर गेले, तरी दिवसाला ३६० लिटर होतात. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटरचा निकष धरतात. त्या मापाने हे अडीच माणसांहून अधिक पाणी झाले.

काही घरांत फ्लश टँकचा ‘सूंऽऽ’ आवाज रात्रीच येतो, दिवसा येत नाही. तो भास नसतो. दिवसा सगळी इमारत पाणी वापरते, पाइपमधल्या घर्षणात दाब खर्च होतो. रात्री वापर थांबला की पूर्ण दाब व्हॉल्व्हवर येतो आणि थकलेला फ्लोट व्हॉल्व्ह तो रोखू शकत नाही. गच्चीवरच्या टाकीपासून सर्वांत खोल असलेल्या तळमजल्यावर हा त्रास अधिक होतो.

सभेनंतर सोसायटीने पहिली मोजणी गच्चीवरच करावी. रात्री एक वाजता पंप आणि टाकीत येणारे पाणी बंद ठेवून पातळी टेपने मोजायची, चार वाजता पुन्हा मोजायची. सोळा घरांची इमारत आणि तीन मीटर बाय दोन मीटरची टाकी असेल, तर पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. तीन तासांत तीन सेंटिमीटर उतरले, तर १८० लिटर गेले. ही सगळी गळती नव्हे, कारण रात्रीही कोणी ना कोणी उठतेच. त्यासाठी ६० लिटर वजा करा. उरले १२०, म्हणजे तासाला ४० आणि दिवसाला ९६० लिटर, सात माणसांचे पाणी. सदस्यांसमोर ठेवायचा आकडा हाच. त्यावर वाद घालता येत नाही, कारण तो त्यांच्याच टाकीचा असतो.

आकडा पटला तरी घरोघरी दुरुस्ती का होत नाही, याचे उत्तर मीरा रोडवर मिळाले आहे. व्यंगचित्रकार आणि लेखक आबिद सुरती यांनी २००७ मध्ये तिथे ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केले. सोसायटीची परवानगी घ्यायची, सूचना फलकावर पत्रक लावायचे आणि रविवारी प्लंबरला घेऊन दारोदार जाऊन गळती फुकट दुरुस्त करायची, ही त्यांची पद्धत. पहिल्या वर्षात १,६६६ घरांना भेटी आणि ४१४ नळांची दुरुस्ती झाली. दर चार घरांमागे एक, असे हे प्रमाण पडते. एका वॉशरसाठी प्लंबर येत नाही, आणि आला तर वॉशरपेक्षा त्याची मजुरी जड होते, म्हणून माणसे गळती सोसत राहतात, हे सुरतींनी ओळखले होते. सोसायटीने एक दिवस ठरवून प्लंबर लावला, वॉशर, झडपा आणि फ्लोट व्हॉल्व्ह आधीच आणून ठेवले, तर ही अडचण राहत नाही. रंगाची परीक्षा आदल्या दिवशी घरोघरी झालेली असावी, म्हणजे प्लंबरचा वेळ शोधण्यात जाणार नाही. झडपेवर नुसता क्षार असेल, तर ती निंबूसताच्या पाण्यात भिजवून घासली तरी चालते. रबर कडक झाले असेल तर बदलावेच लागते.

दुरुस्तीनंतर आठवडाभरात गच्चीवरची मोजणी पुन्हा करा. घट साठ लिटरच्या आसपास आली, तर ती रात्रीच्या वापराची आहे. ती तशीच मोठी राहिली आणि रंगाच्या परीक्षेत एकही घर सापडले नाही, तर गळती डक्टमधून उतरणाऱ्या पाइपांत किंवा खुद्द टाकीच्या तळाला असू शकते. मग डक्टमध्ये टॉर्च मारून ओल शोधायची आणि टाकीचे घरांकडे जाणारे सगळे व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून पाहायचे. तरीही पातळी उतरली, तर प्लंबरला नव्हे, टाकीचे वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला बोलवा.