एकच प्रश्न सहा कोटींहून अधिक वेळा

तीन मात्रांचे शब्द आठवून पाहा. ‘कमल’ म्हणजे तीन लघू. ‘सदा’ म्हणजे लघूनंतर गुरू. ‘राम’ म्हणजे गुरूनंतर लघू. लघूची मात्रा एक आणि गुरूच्या दोन, त्यामुळे चौथा प्रकार संभवतच नाही. चार मात्रांचे पाच प्रकार होतात आणि पाच मात्रांचे आठ. मग चाळीस मात्रांच्या ओळीचे किती?

छंदशास्त्रातला हा प्रश्न संगणकाला शिकवणे फार सोपे आहे. ओळीची सुरुवात लघूने झाली, तर एक मात्रा कमी असलेली ओळ भरायची उरते. गुरूने झाली, तर दोन मात्रा कमी असलेली. दोन्हीकडचे प्रकार मोजायचे आणि त्यांची बेरीज करायची. एक मात्रा उरली असेल किंवा काहीच उरले नसेल, तर प्रकार एकच. पायथॉन भाषेत हे असे लिहितात:

```python
def matra(n):
    if n < 2:
        return 1
    return matra(n - 1) + matra(n - 2)
```

फंक्शन स्वतःलाच हाक मारते, म्हणून हे रिकर्शन. एका बेरजेसाठी दोनदा हाक मारते, म्हणून दुहेरी रिकर्शन. या दोन हाका एकाच वेळी जातात असे पुष्कळांना वाटते आणि नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. प्रत्यक्षात पहिल्या हाकेचे उत्तर पूर्ण हाती येईपर्यंत दुसरी हाक निघतच नाही.

तोपर्यंत अर्धवट राहिलेले काम कुठे ठेवायचे? त्यासाठी कॉल स्टॅक असतो. स्टॅक म्हणजे चळत, ताटांची असते तशी. प्रत्येक हाकेसाठी चळतीवर एक नवे ताट चढते. त्याला फ्रेम म्हणतात. या हाकेत n किती आहे, बेरजेचा कोणता भाग मिळाला आणि उत्तर घेऊन परत कुठे जायचे, एवढे त्या फ्रेममध्ये राहते. उत्तर मिळाले की ताट उतरते आणि त्याच्या खालचे काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होते.

`matra(5)` ची चळत कागदावर मांडून पाहू. तळाशी 5 चे ताट. त्याला आधी 4 चे उत्तर हवे, 4 ला 3 चे, 3 ला 2 चे आणि 2 ला 1 चे. आता चळतीत पाच ताटे आहेत: 5, 4, 3, 2, 1. सर्वांत वरचे 1 चे ताट ‘एक’ हे उत्तर देऊन उतरते. 2 ची निम्मी बेरीज झाली. आता ते 0 ला हाक मारते, तिथूनही एक मिळतो आणि 2 चे उत्तर ठरते दोन. तेही ताट उतरते. 3 ला दोन मिळाले, पण त्याची दुसरी हाक बाकी आहे. ती 1 साठी जाते, एक मिळतो, बेरीज तीन. आता वर 4 चे ताट आहे आणि त्याला 2 चे उत्तर हवे आहे.

हे उत्तर तर क्षणापूर्वीच निघाले होते! पण ज्या ताटावर ते होते, ते उतरले. 3 ने ते आपल्या बेरजेत मिसळले आणि मग 3 चे ताटही गेले. आधीचे उत्तर कुठेच लिहिलेले नाही, म्हणून 2 साठी पुन्हा ताट चढते, त्यावर 1 चे, मग 0 चे. 4 चे उत्तर पाच येते. शेवटी तळाचे 5 आपली दुसरी हाक 3 साठी मारते आणि 3 चा सगळा खटाटोप पहिल्यापासून पुन्हा होतो. उत्तर आठ.

हाका मोजल्या तर पंधरा भरतात. 5 आणि 4 साठी एकेक, 3 साठी दोन, 2 साठी तीन, 1 साठी पाच आणि 0 साठी तीन. यातही एक मजेदार नियम आहे. ‘एक’ देऊन लगेच परतणाऱ्या हाका बरोबर आठ आहेत, म्हणजे उत्तराइतक्याच. या फंक्शनजवळ ‘एक’खेरीज दुसरा कोणताही आकडा तयार नसतो, त्यामुळे आठ मिळवायचे तर आठ वेळा एक मिळवावा लागतो. त्यांना जोडणाऱ्या बेरजा सात. एकूण हाका नेहमी उत्तराच्या दुपटीहून एक कमी.

चाळीस मात्रांचे उत्तर आहे 16,55,80,141. म्हणजे हाका 33,11,60,281. त्यांत एकट्या `matra(2)` ची हाक सहा कोटींहून अधिक वेळा जाते आणि दर वेळी उत्तर तेच येते, दोन. मात्रा एकाने वाढवली की काम सुमारे 1.6 पट होते, पाचने वाढवली की अकरा पट. एवढे असूनही चळत कधीच चाळीस ताटांहून उंच होत नाही. म्हणूनच हा प्रोग्राम कोसळत नाही. तो नुसता चालत राहतो आणि चूक कुठे आहे ते कळत नाही.

उपाय साधा आहे. उत्तर निघाले की टिपून ठेवायचे आणि पुढच्या वेळी आधी टिपणवही पाहायची.

```python
memo = {}
def matra(n):
    if n < 2:
        return 1
    if n not in memo:
        memo[n] = matra(n - 1) + matra(n - 2)
    return memo[n]
```

या पद्धतीला मेमोआयझेशन म्हणतात. डोनाल्ड मिची यांनी 1968 मध्ये ‘नेचर’मधल्या लेखात ‘मेमो फंक्शन’ ही कल्पना मांडली. कचेरीतला मेमो आणि हा मेमो मुळात एकच शब्द, लिहून ठेवलेली नोंद.

आता पुन्हा 5 पासून सुरुवात करू. पहिली उतरंड तीच: 5, 4, 3, 2, 1. फरक परतताना पडतो. 4 जेव्हा 2 विचारते तेव्हा वहीत दोन लिहिलेले असतात. 5 जेव्हा 3 विचारते तेव्हा तीन तयार असतात. वर नवी चळत चढतच नाही. हाका पंधराच्या नऊ होतात. ही बचत किरकोळ वाटेल, पण चाळीससाठी तेहतीस कोटींच्या जागी फक्त 79 हाका लागतात.

इथे एक चूक हमखास होते. `memo = {}` ही ओळ फंक्शनच्या आत लिहिली जाते. मग प्रत्येक हाकेला नवी कोरी वही मिळते आणि बचत शून्य. उत्तर मात्र बरोबरच येते, म्हणून चूक नजरेत भरत नाही. ती पकडायची तर फंक्शनच्या पहिल्या ओळीत हाका मोजणारा एक आकडा वाढवत जावे. `matra(20)` ला 39 हाका लागायला हव्यात. 21,891 दिसल्या तर वही वापरलीच जात नाही.

मेमोआयझेशनने पुनरावृत्ती जाते, चळतीची उंची मात्र तशीच राहते. `matra(1500)` विचारले तर पायथॉन `RecursionError` देतो, कारण तिथे चळतीची मर्यादा साधारणपणे 1000 ठेवलेली असते आणि पहिली उतरंड तिच्यापलीकडे जाते. आधी 500, मग 1000, मग 1500 असे विचारले तर तीच वही वाटेत आधार देते आणि उत्तर मिळते.

त्याहून सरळ वाट म्हणजे खालून वर जाणे: 1, 1, 2, 3, 5, 8. शेवटचे दोन आकडे हाताशी ठेवायचे आणि मिळवत जायचे. तिथे चळत लागत नाही, वहीही लागत नाही. ही मालिका फिबोनाचीच्या नावाने जगभर ओळखली जाते आणि त्याचे पुस्तक 1202 चे आहे. पण मात्रावृत्तांचे प्रकार मोजण्यासाठी शेवटच्या दोन संख्यांची बेरीज करण्याचा नियम गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी 1150 च्या सुमारास दिला होता आणि त्यांच्याही आधी विरहांकाने. त्या नियमाने चाळीस मात्रांचे उत्तर 39 बेरजांत निघते.