लिंक तीच, फाइलचा पत्ता बदललेला

हिशोब विभागातली एक नेहमीची नोंदवही घ्या. एक्सेलच्या शीटमध्ये बिलांचे क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकासमोर त्या बिलाच्या स्कॅन केलेल्या पीडीएफची लिंक. नोंदवही सामायिक ड्राइव्हवर `Z:\Hishob` मध्ये आहे आणि बिलं त्याच्याच आतल्या `Bills\2024-25` या फोल्डरमध्ये. वर्ष संपल्यावर कुणीतरी आवराआवर करतं आणि `2024-25` हे फोल्डर उचलून `June` नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. एकही फाइल पुसली गेलेली नसते, तरीही कुठल्याही लिंकवर क्लिक केलं की फाइल उघडता येत नाही, असा संदेश येतो.

याचं कारण असं, की सेलमध्ये फाइल नसते, फक्त तिच्यापर्यंतची वाट लिहिलेली असते. फाइल हलली तरी एक्सेलला कुणी कळवत नाही. लिंक निळी आणि अधोरेखितच दिसते. बिघाड कळतो तो थेट क्लिक केल्यावर.

ही वाटही दोन प्रकारे लिहिली जाते. लिंक `Ctrl+K` ने घातली आणि फाइल त्याच ड्राइव्हवर असली, तर एक्सेल सहसा नोंदवहीपासूनची वाट साठवतो: `Bills\2024-25\1043.pdf`. म्हणून अख्खं `Hishob` फोल्डर दुसरीकडे नेलं, तरी लिंक चालतात. पण एकटी नोंदवही हलवली, तर एक्सेल नव्या जागी `Bills` शोधायला जातो आणि हात हलवत परत येतो.

पूर्ण वाट लिहिली तर वेगळीच अडचण येते. `Z:` हे अक्षर त्या त्या संगणकावर ठरतं. शेजारच्या टेबलावर तोच ड्राइव्ह `Y:` असेल, तर `Z:` ने सुरू होणारी लिंक तिथे चालणार नाही. म्हणून अक्षराऐवजी सर्व्हरचं नाव लिहावं. ते ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांना सारखंच असतं.

शेकडो लिंक असतील, तर वाट एकाच ठिकाणी लिहिणं सर्वांत सोयीचं. समजा, `B1` मध्ये `\\server1\Hishob\Bills\2024-25\` एवढंच लिहिलं. शेवटची तिरपी रेघ विसरायची नाही. `A5` मध्ये बिलाचा क्रमांक आहे. मग शेजारच्या सेलमध्ये हे सूत्र:

```
=HYPERLINK($B$1&A5&".pdf","बिल पाहा")
```

सूत्र खाली ओढलं की प्रत्येक ओळीची लिंक तयार होते. फोल्डर हललं, तर फक्त `B1` बदलायचं. मात्र `1043.pdf` चं नाव कुणी `1043 final.pdf` केलं, तर या सूत्राचाही उपयोग नाही. त्यामुळे फाइलला बिलाचा क्रमांक, आणि केवळ क्रमांकच, नाव म्हणून द्यायचा हे ऑफिसात आधी ठरलेलं हवं.

तुटलेल्या लिंकचं कारण शोधायचं तर तिच्यावर माउस धरा. दिसणारी वाट फोल्डर उघडून एकेक पायरीने ताडून पाहा. जिथे नाव जुळत नाही, तिथेच काहीतरी हललं किंवा बदललं आहे.