सरकणारा षड्ज: जॅझमधलं टू-फाइव्ह-वन

पेटीवर पांढरी एक हा सा धरून शुद्ध स्वरांचं सप्तक वाजवलं, की बोटांना एक गोष्ट लगेच कळते. बहुतेक शेजारी स्वरांच्या मध्ये एक काळी पट्टी असते, पण दोन ठिकाणी ती नसते. ग आणि म एकमेकांना लागून आहेत, तसेच नि आणि वरचा सा. इथलं अंतर अर्ध्या स्वराचं, बाकी सगळीकडे पूर्ण स्वराचं. जॅझमध्ये पावलोपावली भेटणारी तीन कॉर्ड्सची एक मालिका आहे. वादक तिला 'टू-फाइव्ह-वन' म्हणतात. तिची सगळी ओढ या दोन अरुंद जागांमधून येते.

कॉर्ड म्हणजे एका वेळी वाजणारे स्वर. जॅझमध्ये ती साधारण चार स्वरांची असते आणि सप्तकातला एकाआड एक स्वर घेत बांधली जाते. सा पासून निघालो तर सा, ग, प, नि. सा हा सप्तकातला पहिला स्वर, म्हणून ही 'वन'. दुसरा स्वर रे. त्याच्यावर रे, म, ध आणि वरचा सा अशी 'टू' बांधली जाते. पाचव्या स्वरावर, म्हणजे प वर, प, नि आणि वरचे रे व म मिळून 'फाइव्ह' होते. पांढरी एकच्या सप्तकात यांची इंग्रजी नावं डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन. तिन्ही कॉर्ड्स त्याच सात शुद्ध स्वरांतून झालेल्या आहेत, बाहेरचा एकही स्वर लागलेला नाही.

आधी तळातला स्वर ऐकावा. जॅझच्या वाद्यवृंदात तो डबल बेसवर वाजतो. इथे त्याची वाट रे, प, सा अशी आहे. प हा सा चा पंचम आणि रे हा प चा पंचम. आपल्याकडे ज्याला षड्ज-पंचम भाव म्हणतात, त्या नात्याने बेस दोनदा खाली उतरतो. तंबोऱ्यावर प नंतर सा ऐकत वाढलेल्या कानाला त्यातलं पोहोचणं समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की तंबोरा सा कधी सोडत नाही आणि इथला बेस लांबून निघून सा वर येतो.

पण खरं काम कॉर्डच्या पोटात चालतं. प्रत्येक कॉर्डचा स्वभाव तिच्या तळापासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असतो. पियानोवादक गर्दीच्या वेळी तळाचा स्वर बेसवर सोपवतात, पाचवा गाळतात, पण हे दोन सोडत नाहीत. 'टू'मध्ये हे दोन स्वर म आणि सा. 'फाइव्ह'मध्ये नि आणि म. 'वन'मध्ये ग आणि नि. आता पेटीवर दोन बोटांनी म आणि वरचा सा धरा. म तसाच ठेवून सा चं बोट लगतच्या नि वर आणा. मग नि तसाच ठेवून म चं बोट लगतच्या ग वर आणा. पूर्ण टू-फाइव्ह-वन वाजलं. प्रत्येक वेळी एक स्वर जागेवर थांबला आणि दुसरा अर्ध्या स्वराने उतरला. सप्तकात अशा दोनच जागा होत्या आणि दोन्ही एकामागून एक वापरल्या गेल्या.

मधल्या क्षणी म आणि नि एकत्र वाजतात, तो या मालिकेतला सर्वांत अस्वस्थ क्षण. या दोन स्वरांत सहा अर्धस्वरांचं अंतर आहे, बरोबर अर्धं सप्तक. ते ऐकताना काहीतरी हलायला हवं असं वाटत राहतं. म ला ग कडे जायचं असतं, नि ला सा कडे. युरोपच्या अभिजात संगीतात नि सहसा सा वर चढतोच. जॅझमध्ये मात्र म उतरतो आणि नि जिथे आहे तिथेच राहतो, मुक्कामाच्या कॉर्डमध्येसुद्धा. त्यामुळे घरी आल्यावरही दार थोडं उघडं राहिल्यासारखं वाटतं. मला जॅझचा रंग सर्वांत जास्त याच एका नि मध्ये दिसतो.

मग थेट 'फाइव्ह'वरून का निघू नये? निघता येतं, आणि जुन्या गाण्यांत पुष्कळदा तसंच असायचं. पण आधी 'टू' वाजली की म कानात रुजलेला असतो. नि येतो तेव्हा ताण परका वाटत नाही, ओळखीच्या स्वराखालची जमीन बदलल्यासारखा वाटतो. म्हणून 1940च्या दशकातले बीबॉप वादक गाण्यातला 'फाइव्ह'चा एखादा लांब मुक्काम दिसला की त्याचा पहिला अर्धा भाग 'टू'ला देत. तेवढ्याच जागेत चालना दुप्पट होई.

ही मालिका जॅझभर पसरली त्याचं आणखी मोठं कारण एका गाण्यात नीट ऐकू येतं. 'हाऊ हाय द मून' हे 1940 साली ब्रॉडवेच्या 'टू फॉर द शो' या कार्यक्रमातून आलेलं, मॉर्गन लुईस यांच्या चालीचं गाणं. ते सहसा जी मेजरमध्ये वाजवतात, म्हणून आता पांढरी पाच हा सा धरू आणि शेवटपर्यंत तो बदलायचा नाही. चार मात्रांचा एक बार. पहिले दोन बार सा, ग, प, नि या घरच्या कॉर्डवर जातात. तिसऱ्या बारमध्ये ग आणि नि दोन्ही कोमल होतात. तळ सा चाच आहे, पण कॉर्ड मायनर झाली आणि तिचा हुद्दा बदलला. घर होतं ते आता दुसऱ्याच एका घराकडे नेणारी 'टू' झालं. चौथ्या बारमध्ये तळ म वर येतो, ही त्या नव्या घराची 'फाइव्ह'. पाचव्या आणि सहाव्या बारमध्ये आपण कोमल नि वर पोहोचतो, आणि तोच आता षड्ज वाटू लागतो. सातव्या बारमध्ये तीच युक्ती पुन्हा होते. नवं घर मायनर होऊन 'टू' बनतं, आठव्यात तळ कोमल ग वर जातो, नवव्यात कोमल ध वर तिसरं घर येतं. नऊ बारमध्ये तीन षड्ज.

एवढं स्थलांतर कानाला खटकत कसं नाही? पुन्हा दोन बोटं पेटीवर ठेवा. पाया मूळ सा चाच. एक बोट नि वर, दुसरं ग वर. कॉर्ड्स बदलत जातात तसं पहिलं बोट नि, कोमल नि, ध, ध, कोमल ध, प, प असं उतरतं. दुसरं ग, कोमल ग, कोमल ग, रे, कोमल रे, कोमल रे, सा असं. सात कॉर्ड्स होऊन गेल्या, पण दोन्ही बोटांना लगतच्या पट्टीपलीकडे एकदाही जावं लागलं नाही. तळात बेस लांब उड्या मारतो आणि मधे हे दोन आवाज अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकतात. शेवटी दुसरं बोट मूळ सा वर येतं, पण तो आता सा राहिलेला नाही. तिसऱ्या घराच्या नात्याने तो ग झालेला आहे. हे एकदा कानाला पटलं की मग विसरत नाही.

टू-फाइव्ह-वनची ताकद ही आहे. तीन कॉर्ड्समध्ये ती कुठलाही स्वर षड्ज म्हणून कानावर ठसवते, आणि तो षड्ज पुढच्या प्रवासाची पहिली पायरी होऊ शकतो. ब्रॉडवेच्या गीतकारांनी असे वळसे चालीला रंग देण्यासाठी घातले होते. जॅझ वादकांना त्यात उपजेसाठी वाट मिळाली. चार्ली पार्कर आणि बेनी हॅरिस यांनी या गाण्याच्या कॉर्ड्सवर नवी चाल रचली, ती 'ऑर्निथॉलॉजी' पार्करने 1946 मध्ये रेकॉर्ड केली. एला फिट्झजेराल्डच्या 1960च्या बर्लिनच्या मैफलीत 'हाऊ हाय द मून' गाताना ती मधेच 'ऑर्निथॉलॉजी'त शिरते. कॉर्ड्स त्याच असल्यामुळे साथीदारांना काहीच बदलावं लागत नाही.

शिकणाऱ्याची अडचण नेमकी सोपेपणातून येते. तिन्ही कॉर्ड्स एकाच सप्तकातल्या, म्हणून तो सातही स्वर कुठेही फिरवतो आणि चुकीचं असं काही वाजत नाही. पण 'फाइव्ह' आलेली असताना तो सा वर रेंगाळला, तर साथीतला नि त्याला घासतो आणि कॉर्ड बदलल्याचं कळतच नाही. 'वन'वर म धरून बसला तर मुक्काम पुसट होतो. पारख करायची तर साथ बंद करून नुसता सोलो ऐकावा. दुसरी कॉर्ड कुठे आली हे एकट्या सुरावटीतून कळलं पाहिजे. जाणता वादक 'फाइव्ह'च्या पहिल्या मात्रेच्या सुमारास नि ठेवतो, मुक्कामावर ग, आणि मधल्या जागेत मनाला येईल ते करतो.

म आणि नि मध्ये बरोबर अर्धं सप्तक असण्याचा आणखी एक परिणाम आहे. ही जोडी उलटी केली तरी अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे ती दोन वेगवेगळ्या 'फाइव्ह'च्या जातीच्या कॉर्ड्समध्ये सापडते. एक प वरची, दुसरी कोमल रे वरची. वादक पहिलीच्या जागी दुसरी ठेवतात, तेव्हा बेससुद्धा उड्या सोडून रे, कोमल रे, सा असा अर्ध्या स्वरांनी उतरतो.

1950च्या दशकाच्या अखेरीस काही वादकांना या उतरणीचा कंटाळा आला होता. माइल्स डेव्हिसच्या 1959च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधली 'सो व्हॉट' ही रचना सोळा बार डी वर थांबते, आठ बार अर्धा स्वर वर जाते आणि पुन्हा आठ बार डी वर येते. पांढरी एकच्या हिशोबाने डी म्हणजे रे. आयुष्यभर 'टू' म्हणून पुढे ढकलत राहिलेली कॉर्ड इथे कुठेच जात नाही. त्याच रेकॉर्डिंगमध्ये सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेनने काही आठवड्यांतच नेमकं उलट टोक गाठलं. त्याच्या 'जायंट स्टेप्स'मध्ये सोळा बारमध्ये तीन षड्ज फिरत राहतात, एकमेकांपासून चार-चार अर्धस्वरांवर. उत्तरार्धात तर एका टू-फाइव्ह-वनला लागून दुसरं येतं. 'हाऊ हाय द मून'मध्ये घर स्वतःच पुढची 'टू' होत होतं, इथे तसं होत नाही. प्रत्येक षड्जासाठी नव्याने उडी घ्यावी लागते, आणि तीही विलक्षण वेगात.

त्या रेकॉर्डिंगवर पियानोला टॉमी फ्लॅनगन होता, बीबॉपमध्ये मुरलेला आणि टू-फाइव्ह-वन बोटांत भिनलेला. कोल्ट्रेनचा सोलो न अडखळता वाहत जातो. फ्लॅनगनचा येतो तेव्हा वाक्यं तुटतात, मधे रिकाम्या जागा पडतात आणि शेवटी तो नुसत्या कॉर्ड्स वाजवू लागतो. 1982 मध्ये त्याने कोल्ट्रेनच्या आठवणीत 'जायंट स्टेप्स' नावाचाच अल्बम केला आणि ती रचना पुन्हा वाजवली. ही दोन्ही रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ ऐकावीत, आणि दुसरं ऐकताना त्याचा उजवा हात प्रत्येक 'वन'वर कुठल्या स्वराने उतरतो तिकडे कान द्यावा.