शिखरापासून किती खाली? इक्विटी कर्व्ह आणि ड्रॉडाउन दाखवणारा डॅशबोर्ड

इक्विटी कर्व्ह म्हणजे खात्याची एकूण किंमत दिवसागणिक कशी बदलत गेली याची रेषा. शेअर बाजारात ठरलेल्या नियमांनी आपोआप सौदे करणारी रूटीन रोज साडेतीननंतर, म्हणजे बाजार बंद झाल्यावर, चालत असेल, तर तिने शेवटचे काम म्हणून त्या दिवसाची किंमत नोंदवायची आणि डॅशबोर्डने ती नोंद वाचून आलेख नव्याने काढायचा, एवढीच मूळ मांडणी आहे. या किमतीत शिल्लक रोख रकमेबरोबर हाती असलेल्या शेअरांचा त्या दिवसाचा बंद भावही धरावा लागतो. फक्त पूर्ण झालेल्या सौद्यांचा नफा-तोटा मोजला, तर तोट्यात अडकून पडलेला शेअर विकेपर्यंत आलेखात दिसतच नाही आणि रेषा उगाच चढती राहते.

ड्रॉडाउन या रेषेतूनच निघतो. आजवरच्या सर्वोच्च किमतीपेक्षा आजची किंमत किती टक्के खाली आहे, ते तो सांगतो. समजा, खाते 5,00,000 रुपयांनी सुरू झाले, 5,60,000 पर्यंत चढले आणि मग 4,90,000 वर आले. सुरुवातीच्या रकमेशी तुलना केली तर तोटा जेमतेम 2 टक्के वाटतो; शिखरापासून मोजला तर तो 12.5 टक्के आहे. रूटीनचे नियम अजून लागू पडताहेत की नाही, याचा अंदाज या दुसऱ्या आकड्यावरून येतो. शिवाय 12.5 टक्के खाली गेलेल्या खात्याला पुन्हा शिखर गाठायला सुमारे 14.3 टक्के वाढावे लागते, कारण वाढ आता कमी रकमेवर मोजली जाते.

पायथॉनमध्ये हे गणित दोन ओळींत होते:

```python
peak = df["nav"].cummax()
dd = df["nav"] / peak - 1
```

पहिली ओळ प्रत्येक दिवशी तोपर्यंतचे शिखर काढते, दुसरी त्यापासूनचे अंतर. डॅशबोर्डवर वर इक्विटी आणि खाली ड्रॉडाउन, दोन्ही एकाच तारखांच्या अक्षावर ठेवतात. खालच्या आलेखात शून्य माथ्यावर असते आणि भरीव रंग खाली उतरतो. त्यामुळे खड्डा किती खोल होता आणि भरून यायला किती दिवस लागले, हे एका नजरेत कळते.

इथे `nav` हा स्तंभ रुपयांचा नाही, आणि यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. वरच्या उदाहरणात खाते 4,90,000 वर असताना मालकाने आणखी 1,00,000 रुपये भरले, तर किंमत 5,90,000 होते. रुपयांवर काढलेला आलेख नवे शिखर दाखवतो, ड्रॉडाउन शून्यावर येतो आणि प्रत्यक्षात एक रुपयाही न कमावता खड्डा बुजतो. उपाय म्युच्युअल फंडांच्या पद्धतीत आहे. सुरुवातीची रक्कम 100 रुपयांच्या 5,000 युनिटमध्ये विभागायची. शिखरावर एका युनिटची किंमत 112 होते, घसरणीनंतर 98. नव्या लाखाला 98 च्या भावाने सुमारे 1,020.41 युनिट मिळतात. युनिट वाढतात, पण भाव 98 च राहतो आणि ड्रॉडाउनही 12.5 टक्केच. पैसे काढतानाही असेच, फक्त युनिट कमी होतात.

दुसरी चूक आलेख जलद दिसावा म्हणून होते. डॅशबोर्ड फक्त शेवटच्या 90 दिवसांच्या नोंदी वाचतो आणि शिखरही त्यांतूनच काढतो. 112 चे शिखर त्याआधीचे असेल आणि या 90 दिवसांतला उच्चांक 104 असेल, तर तोच 98 चा भाव 5.8 टक्केच खाली दिसतो. दिवस सरतात तसा ड्रॉडाउन आपोआप उथळ होत गेला, तर हीच गफलत झाली असे समजावे. म्हणून शिखर सगळ्या इतिहासावर काढून मगच दाखवायचा भाग कापायचा.

रूटीन मध्येच अडली आणि पुन्हा चालवली, तर एका दिवसाच्या दोन नोंदी होतात आणि आलेखात उभी रेघ उमटते. तारीख ही प्रायमरी की ठेवली की SQLite मध्ये एवढे पुरते:

```sql
INSERT OR REPLACE INTO equity (day, nav) VALUES (?, ?);
```

जुनी नोंद निघून नवी बसते. याहून ओळखायला अवघड म्हणजे रूटीन मुळी चाललीच नाही तो दिवस. आलेख कालचाच असतो, पण दिसतो अगदी ताजा. त्यासाठी डॅशबोर्डच्या माथ्यावर पान उघडल्याची नव्हे, तर शेवटच्या नोंदीची तारीख छापावी आणि ती बाजाराच्या सुट्ट्या वगळून कालच्यापेक्षा जुनी असेल तर लाल रंगात दाखवावी.